कललेली विहीर सरळ करताना

पुराच्या दिवसांत पुलावर उभं राहून खाली पाहिलं, की पाणी वर चढलेलं दिसतं. दिसत नाही ते असं, की त्याच वेळी नदीचा तळ खाली गेलेला असतो. पाण्याचा वेग वाढला की तळाची वाळू उचलली जाते आणि पाण्याबरोबर चालू लागते. पुलाचा खांब मधे आला की प्रवाह त्याच्या अंगावर आपटून खाली वळतो आणि खांबाच्या बुडाशी आणखी खोल खड्डा पाडतो. पूर ओसरला की वाळू पुन्हा बसते, खड्डा भरून येतो, आणि उन्हाळ्यात नदीत उतरून पाहणाऱ्याला तिथे काही घडलं होतं याचा मागमूसही राहत नाही.

पुलाचा पाया किती खोल न्यायचा याचा हिशेब या अदृश्य खड्ड्यापासून सुरू होतो. भारतात रस्त्यांच्या पुलांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसचे नियम पाळतात. त्यांत आधी पुराचं पाणी आणि तळाच्या वाळूचा जाडेपणा यांवरून नदी सरासरी किती खोल खरवडेल ते काढतात. ही खोली पुराच्या सर्वोच्च पातळीपासून मोजायची. खांबापाशी ती दुप्पट धरतात आणि त्याखाली पकडीसाठी आणखी एक तृतीयांश जातात. समजा सरासरी खोली १० मीटर आली. मग खांबापाशी २० मीटर, आणि पायाचा तळ पुराच्या पातळीखाली जवळपास २७ मीटर. आपल्याकडे घाटमाथ्यावरच्या बऱ्याच नद्यांत थोडं खणलं की काळा खडक लागतो, तिथे ही अडचण येत नाही. पण गंगा, ब्रह्मपुत्रा यांच्या गाळात, किंवा कोकणातल्या खाड्यांच्या मऊ चिखलात एवढ्या खोलवर पाया पोचवायचा तरी कसा? पाणी अडवून, २७ मीटरचा खड्डा खणून त्यात बांधकाम करणं अशक्यप्राय.

यावर जुना आणि अजूनही वापरात असलेला उपाय म्हणजे वेल फाउंडेशन, म्हणजे विहिरीचा पाया. यात आधी खड्डा खणून मग बांधकाम करत नाहीत. जमिनीवर काँक्रीटची विहीर बांधतात आणि तिच्या पोटातली माती काढत काढत ती सबंध विहीरच खाली उतरवतात. वरून बांधायचं, खालून उकरायचं, असं करत ती हवी तितकी खोल जाते. ऐकायला सोपं वाटतं. पण हजारो टनांची ही नळी न दिसणाऱ्या मातीतून सरळ खाली गेली पाहिजे. ती कधीच पूर्ण सरळ जात नाही. ती किती कलली, किती सरकली, ते कधी आणि कसं सुधारायचं, हाच या कामाचा गाभा आहे.

विहीर खाली जाते कशी

पाणी उथळ असेल तर नदीपात्रात वाळूचं बेट करतात, त्यावर विहिरीचा मध्यबिंदू आखतात आणि पहिल्यांदा पोलादी धारेची कडी मांडतात. हिला कटिंग एज म्हणतात. तिच्यावर पाचरीच्या आकाराचं काँक्रीटचं जाड कडं ओततात, ते कर्ब. कर्बची आतली बाजू तिरपी असते, त्यामुळे विहीर खाली दाबली गेली की माती आत, मोकळ्या पोकळीकडे ढकलली जाते. कर्बच्या वर विहिरीची भिंत चढते, तिला स्टायनिंग म्हणतात. भिंतीचा एक थर बांधायचा, काँक्रीटला पुरेशी ताकद येऊ द्यायची, मग क्रेनला टांगलेला ग्रॅब, म्हणजे दोन जबड्यांचा पोलादी पंजा, पोकळीत सोडून मधली माती उचलायची. मधोमध वाडग्यासारखा खळगा होतो, कडेची माती त्यात घसरते आणि विहीर काही सेंटिमीटर बसते. पुरेशी खाली गेली की भिंतीचा पुढचा थर.

तिला खाली नेणारी शक्ती एकच, तिचं स्वतःचं वजन. तिला अडवतात दोन गोष्टी. धारेखालची माती, आणि भिंतीच्या बाहेरच्या अंगावर होणारं मातीचं घर्षण. एक साधी विहीर घेऊन आकडे मांडू. बाहेरचा व्यास ८ मीटर, भिंत १.४ मीटर जाड. तिच्या प्रत्येक मीटर उंचीचं वजन सुमारे ७० टन भरतं. पण विहीर पाण्यात आहे आणि पाणी तिला उचलून धरतं, त्यामुळे उरतात सुमारे ४० टन. आता तिचा बाहेरचा घेर २५ मीटर. वाळूचं घर्षण दर चौरस मीटरला दीड टन धरलं तर एका मीटर खोलीला ३८ टन अडथळा. म्हणजे विहीर कशीबशी उतरेल. घर्षण दोन टन निघालं तर अडथळा ५० टनांवर जातो आणि विहीर अडून बसते.

भिंत इतकी जाड का ठेवतात याचं उत्तर या जमाखर्चात आहे. नुसत्या ताकदीसाठी पातळ भिंत अनेकदा चालली असती, पण पातळ विहीर हलकी, आणि हलकी विहीर उतरत नाही. आणखी एक गोष्ट इथे लक्षात येते. वजन आणि अडथळा जवळपास तोडीस तोड असतात, त्यामुळे एका बाजूचा अडथळा जरासा कमी-जास्त झाला तरी तोल जायला तेवढं पुरतं.

टिल्ट आणि शिफ्ट

साइटवर दोन शब्द सतत कानावर येतात. टिल्ट म्हणजे विहिरीचा कल, तिचा अक्ष उभ्या रेषेपासून किती झुकला ते. शिफ्ट म्हणजे विहिरीच्या बुडाचा मध्यबिंदू नकाशातल्या जागेपासून किती सरकला ते. रस्त्यांच्या पुलांसाठी सर्वसाधारण मर्यादा अशी: कल ८० ला १ यापेक्षा जास्त नको आणि सरक १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. आपल्या ८ मीटर व्यासाच्या विहिरीत ८० ला १ म्हणजे समोरासमोरच्या दोन कडांच्या पातळीत १० सेंटिमीटरचा फरक.

कल मोजणं अवघड नाही. विहिरीच्या बाहेरच्या अंगावर चार दिशांना धारेपासूनच्या उंचीच्या खुणा रंगवलेल्या असतात. लेव्हल यंत्राने चारही खुणा वाचायच्या. पूर्व आणि पश्चिम यांतला फरक एक कल देतो, उत्तर आणि दक्षिण यांतला दुसरा. दोन्ही मिळून खरा कल कोणत्या दिशेला आणि किती, ते निघतं. पूर्व-पश्चिम फरक १६ सेंटिमीटर आणि उत्तर-दक्षिण ८ सेंटिमीटर असेल तर खरा फरक सुमारे १८ सेंटिमीटर येतो आणि तो मधल्याच कुठल्या तरी तिरप्या दिशेला असतो. फक्त एका दिशेचं वाचन पाहून माती उकरायला सुरुवात केली तर विहीर तिसरीकडेच वळते.

सरक मोजताना मात्र बूड दिसत नाही. दिसतो तो माथा. म्हणून माथ्याचा मध्यबिंदू किती हलला ते यंत्राने घ्यायचं आणि त्यातून कलाचा वाटा वजा करायचा. समजा बांधलेली विहीर १२ मीटर उंच आहे आणि ५० ला १ या प्रमाणात पूर्वेकडे झुकली आहे. नुसत्या झुकण्यानेच माथा बुडाच्या २४ सेंटिमीटर पूर्वेला असणार. प्रत्यक्ष वाचनात माथा खऱ्या जागेच्या १४ सेंटिमीटर पूर्वेला दिसतो. मग बूड कुठे आहे? १० सेंटिमीटर पश्चिमेला. माथा एका बाजूला गेलेला दिसतो आणि बूड प्रत्यक्षात उलट बाजूला निसटलेलं असतं. नव्या माणसाला हे पटकन पचत नाही.

हे असं होतं, कारण कललेली विहीर उतरताना उभ्या रेषेत उतरत नाही, स्वतःच्या अक्षाच्या दिशेने उतरते. भिंतीत तिरपा घुसलेला खिळा ठोकत राहिलं तर तो तिरपाच आत जातो, तसं. माथा पूर्वेला झुकलेला असेल तर प्रत्येक मीटर उतरताना बूड थोडं पश्चिमेला जातं. ५० ला १ कलात एक मीटर उतरलं की २ सेंटिमीटर. पाच मीटर तसंच उतरू दिलं की १० सेंटिमीटर.

कल हा त्या क्षणीचा कोन असतो, तो नंतर सुधारता येतो. सरक मात्र साचत जाते. विहीर सरळ उभी केली म्हणजे बूड आपल्या जागी परत येतं असं नाही. म्हणून अनुभवी इंजिनिअर कल मर्यादेत आहे का एवढंच पाहून थांबत नाही. हा कल घेऊन आपण किती मीटर उतरलो, हे तो पहिल्यांदा विचारतो.

विहीर कलते का

सर्वात जास्त धोका पहिल्या काही मीटरांत असतो. विहिरीच्या अंगाला मातीची पकड अजून नसते आणि ती जवळजवळ नुसती धारेवर उभी असते. ग्रॅब एका बाजूला जास्त चालला, बेटाची वाळू एका बाजूला प्रवाहाने खाल्ली, किंवा काढलेली माती विहिरीला लागूनच एका अंगाला टाकली, तरी ती झुकते. शेवटचं कारण क्षुल्लक वाटतं. पण शेकडो घनमीटर मातीचा ढीग विहिरीला बाजूने रेटतो, म्हणून माती दूर आणि सगळीकडे सारखी पसरायची असा नियम आहे.

खाली गेल्यावर कारणं बदलतात. धारेच्या अर्ध्या भागाखाली वाळू आणि अर्ध्याखाली घट्ट चिकणमाती लागते. वाळूची बाजू पटकन उतरते, चिकणमातीची बाजू अडून राहते. गाळात कधीकाळी पुरलेला झाडाचा ओंडका किंवा मोठा दगड एका ठिकाणी धारेखाली येतो.

वाळूची उसळी त्याहून धोकादायक. विहीर अडून बसली की आतलं पाणी उपसण्याचा मोह होतो. पाणी कमी झालं की उचल कमी होते आणि विहीर आपोआप जड होते. पण बाहेरच्या पाण्याची पातळी आता आतल्यापेक्षा वर असते. तो दाब धारेखालून वाळूसकट आत घुसतो. काही मिनिटांत पोकळीत कित्येक मीटर वाळू भरते, बाहेर धारेजवळची जमीन खचते आणि विहीर एकदम झटका घेऊन बसते, बहुधा एका बाजूला. आत पाणबुड्या किंवा मजूर असेल तर त्याचा जीव जातो. म्हणून वाळूत आतलं पाणी बाहेरच्या बरोबरीने किंवा त्याहून वर ठेवतात, गरज पडली तर वरून पाणी ओततात.

उसळी सुरू झाली आहे हे मातीच्या हिशेबावरून आधीच कळू शकतं. ८ मीटर व्यासाची विहीर एक मीटर उतरली तर तिने सुमारे ५० घनमीटर जागा घेतली. तेवढीच माती वर यायला हवी. ८० घनमीटर माती निघाली आणि विहीर एकच मीटर उतरली, तर उरलेली ३० घनमीटर बाहेरून आली आहे. याउलट माती निघते आहे, खळगा धारेच्या बराच खाली गेला आहे, पण विहीर हलत नाही, तर ती बाजूंच्या घर्षणावर लटकली आहे आणि कधीही एकदम खाली येईल. म्हणून खळगा धारेखाली व्यासाच्या साधारण सहाव्या भागापेक्षा खोल नेऊ नये असा दंडक आहे. आपल्या विहिरीत हे सुमारे सव्वा मीटर होतं.

हावड्याचा धक्का

लटकलेली विहीर सुटते तेव्हा काय होतं याचं प्रसिद्ध उदाहरण कोलकात्यात घडलं. हावडा पुलाचं काम १९३६ साली सुरू झालं आणि पूल १९४३ च्या फेब्रुवारीत खुला झाला. हुगळीच्या दोन्ही काठांवर मुख्य मनोऱ्यांखाली जे पाये उतरवले, ते एका गोल विहिरीसारखे नव्हते. प्रत्येक पाया ५५ मीटर लांब आणि सुमारे २५ मीटर रुंद असा एकसंध ठोकळा होता आणि त्यात सव्वासहा मीटर चौरसाच्या २१ पोकळ्या होत्या. २१ पोकळ्यांमधून माती काढत तो ठोकळा दिवसाला सुमारे एक फूट या गतीने, रात्रंदिवस उतरवला जात होता. मातीबरोबर नांगर, तोफा, तोफगोळे, पितळी भांडी, ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातली नाणी असं बरंच काही वर आलं.

एका रात्री माती काढत असताना खालची जमीन अचानक सुटली आणि सगळा ठोकळा दोन फूट खाली आदळला. धक्का इतका होता की खिदिरपूरच्या भूकंपमापकावर भूकंप म्हणून त्याची नोंद झाली आणि काठावरचं एक देऊळ कोसळलं. ते नंतर पुन्हा बांधून दिलं.

दोन्ही काठांची जमीन सारखी नव्हती. हावड्याच्या बाजूला उघड्या पोकळीतून माती काढूनच पाया सुमारे साडेसव्वीस मीटर खोल, पिवळ्या घट्ट चिकणमातीपर्यंत गेला. कोलकात्याच्या बाजूला वाहती वाळू लागली. तिथे उसळी थोपवण्यासाठी पोकळ्यांमध्ये दाबाखालची हवा भरून काम करावं लागलं. हवेचा दाब दर चौरस इंचाला ४० पौंडांच्या आसपास होता आणि त्यासाठी सुमारे ५०० माणसं राबत होती. तो पाया ३१ मीटरपेक्षा खोल गेला. एवढं होऊन हे अजस्र ठोकळे आपल्या जागेपासून ५० ते ७५ मिलिमीटरच्या आत बसले. २१ पोकळ्यांचा फायदा इथे झाला. जी बाजू वर राहील तिथल्या पोकळ्यांत जास्त माती काढायची आणि खाली गेलेल्या बाजूच्या पोकळ्यांना हात लावायचा नाही, असा तोल सांभाळायला भरपूर जागा होती. एकाच गोल पोकळीच्या विहिरीत ती सोय कमी असते.

सरळ करण्याचे उपाय

आता आपल्या ८ मीटरच्या विहिरीकडे येऊ. तिला २७ मीटर जायचं आहे. ९ मीटर उतरली आहे, ३ मीटर वर दिसते आहे. पूर्वेची कड पश्चिमेपेक्षा १६ सेंटिमीटर खाली, म्हणजे कल ५० ला १, माथा पूर्वेकडे. बूड १० सेंटिमीटर पश्चिमेला. ग्रॅबमधून पश्चिमेच्या बाजूने चिकणमाती येते आहे आणि पूर्वेने वाळू. म्हणजे पश्चिमेची कड चिकणमातीवर अडली आहे.

पहिला निर्णय असा की भिंतीचा पुढचा थर लगेच चढवायचा नाही. आणि चढवायचाच असेल तर ओळंबा लावून सरळ चढवायचा नाही. गवंड्याचा हात सवयीने ओळंब्याकडे जातो. पण कललेल्या विहिरीवर सरळ थर चढवला की विहीर मधे वाकडी होते, पुढे ती सरळ केली की वरचा थर उलटा झुकतो आणि वाकडी नळी मातीत घासत उतरते. म्हणून थर नेहमी विहिरीच्या अक्षाला धरूनच, कलासकट, बांधायचा.

मग वरच्या बाजूची, म्हणजे पश्चिमेची, माती सैल करायची. ग्रॅब पश्चिमेला चालवायचा, पूर्वेचा भाग तसाच ठेवायचा. चिकणमाती ग्रॅबला दाद देत नसेल तर जड पोलादी छिनी टाकून ती फोडायची. तेवढ्याने न भागल्यास पश्चिमेच्या बाहेरच्या अंगाला नळ्या खुपसून पाण्याचे जोरदार फवारे सोडायचे, म्हणजे त्या बाजूचं घर्षण कमी होतं. बाहेरून पश्चिमेला थोडं उकरायचं आणि पूर्वेला माती भरायची, हाही उपाय आहे. कधी पाणबुड्या खाली उतरून पूर्वेच्या धारेखाली लाकडी ठोकळे सारतो, म्हणजे ती बाजू थांबते आणि पश्चिमेची तिच्या मागून येते.

याला जोड म्हणून केंटलेज, म्हणजे विहिरीवर ठेवलेलं जादा वजन, पश्चिमेकडे सरकवतात. भिंतीबाहेर डोकावणारा पोलादी मंच करून त्यावर २०० टनांचे ठोकळे मध्यापासून ५ मीटरवर ठेवले तर विहिरीला १००० टन-मीटरचा पीळ बसतो. माथ्याला पोलादी दोर बांधून विंचने पश्चिमेकडे ओढणं, किंवा शेजारच्या विहिरीला टेकून जॅकने रेटणं हेही करतात. पण शेजारची विहीर पुरेशी खोल रुतलेली नसेल तर हिला सरळ करताना तीच कलते.

समजा या खटपटीनंतर विहीर आणखी दीड मीटर उतरली आणि पूर्व-पश्चिम फरक १६ वरून ६ सेंटिमीटरवर आला. कल आता सुमारे १३३ ला १, मर्यादेच्या बराच आत. पण त्या दीड मीटरमध्येही ती कललेलीच उतरत होती, म्हणून बूड आणखी सुमारे २ सेंटिमीटर पश्चिमेला गेलं. शिवाय वळताना बूड स्वतः जरा इकडेतिकडे होतंच, ते मोजूनच कळतं. ढोबळ हिशेबाने सरक आता १२ सेंटिमीटर. अजून साडेसोळा मीटर उतरायचं आहे आणि हातात फक्त ३ सेंटिमीटर उरले आहेत.

इथे कसबी माणूस विहीर अगदी सरळ करून थांबत नाही. तो तिला मुद्दाम उलट्या बाजूला किंचित झुकू देतो. पश्चिमेची कड पूर्वेपेक्षा ५ सेंटिमीटर खाली ठेवली तर कल १६० ला १ होतो, मर्यादेच्या निम्मा. त्या कलाने ८ मीटर उतरलं की बूड ५ सेंटिमीटर पूर्वेला परत येतं आणि सरक ७ वर येते. मग उरलेल्या साडेआठ मीटरांत विहीर हळूहळू सरळ करून शेवटच्या पातळीला न्यायची. सरक सुधारण्याचा एवढाच भरवशाचा मार्ग आहे, आणि त्याला खोली शिल्लक असावी लागते.

हे सगळं लवकर करायचं याला गणिताचा आधार आहे. विहिरीला वळवताना बाजूची माती विरोध करते. वाळूत हा विरोध खोलीबरोबर वाढत जातो, आणि त्याने वळणाला होणारा प्रतिकार ढोबळमानाने खोलीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ५ मीटरवर जी विहीर थोड्या वजनाने वळली, तीच १५ मीटरवर वळवायला सुमारे सत्तावीसपट जोर लागतो. २० मीटरवर दोर, जॅक, केंटलेज यांचा परिणाम नगण्य होतो आणि हातात फक्त खालच्या धारेचं उकरणं उरतं. शिवाय प्रत्येक वेळी इकडून तिकडे वळवताना विहिरीभोवतीची माती सैल होते, जी पुढे पुरात पायाला आधार देणार असते. म्हणून जोरात ओढून एका दिवसात सरळ करण्यापेक्षा, उतरता उतरता दीड-दोन मीटरांत हळू सरळ करणं चांगलं.

अलीकडे काही कामांवर विहिरीभोवती जमिनीत खोल नांगर रोवून, त्यांना धरून हायड्रॉलिक जॅकने विहीर खाली दाबतात. प्रत्येक जॅकचा दाब वेगळा ठेवता येतो, त्यामुळे कल सुरू होतानाच आवरता येतो. खर्च जास्त, पण केंटलेजचे डोंगर चढवणं-उतरवणं वाचतं.

उतरता खडक

कोकणातल्या खाड्यांमध्ये निराळीच अडचण येते. वर कित्येक मीटर मऊ चिखल आणि खाली एकदम बसाल्टचा खडक, तोही बहुधा उतरता. चिखलातून विहीर सहज जाते. मग एका बाजूची धार खडकाला टेकते आणि दुसरीखाली अजून चिखलच असतो. आता पुढे रेटलं तर विहीर त्या टेकलेल्या बिंदूभोवती फिरते.

अशा वेळी आधी उतरणं थांबवून खडकाचा उतार मोजतात. टेकलेल्या बाजूचा खडक छिनीने, कधी पाणबुड्यांकरवी, कधी लहान सुरुंगांनी फोडावा लागतो. सुरुंग फार मोठा झाला तर काँक्रीटच्या कर्बलाच तडा जातो, म्हणून दारू बेताने आणि धारेपासून अंतर ठेवून. दुसऱ्या बाजूला खडक आणि धार यांतली फट काँक्रीटच्या पोत्यांनी बुजवून घेतात. शेवटी विहीर घसरू नये म्हणून पोलादी सळया खडकात रोवून तळाच्या काँक्रीटमध्ये पकडवतात. ही जागा आधी नीट कळावी म्हणून अशा ठिकाणी एका विहिरीसाठी एकच छिद्र पाडून भागत नाही. चार बाजूंना छिद्रं पाडून खडकाची पातळी घ्यावी लागते.

शेवटचा हिशेब

ठरलेल्या खोलीला पोचल्यावर तळ साफ करतात आणि नळीतून पाण्याखाली काँक्रीट सोडून बूच बसवतात. वर वाळू भरतात, त्यावर वरचं बूच आणि जाड काँक्रीटची टोपी, म्हणजे वेल कॅप. बूच बसलं की कल आणि सरक कायमचे गोठतात. त्याआधी शेवटची मोजणी करून आकडे डिझाइन करणाऱ्याकडे जातात.

खांब मात्र विहिरीमागे सरकत नाही. तो पुलाच्या रेषेतच उभा राहायला हवा, नाहीतर गर्डरची लांबी आणि बेअरिंगच्या जागा चुकतात. त्यामुळे टोपीवर तो मध्यापासून थोडा बाजूला बसतो आणि खांबावरचा सगळा भार बुडाच्या मध्यावर न येता सरकेएवढा बाजूला पडतो. आपल्या विहिरीत सरक ७ सेंटिमीटर राहिली. खांबाचा भार १५०० टन धरला तर तळाच्या सरासरी दाबावर एका कडेला सुमारे ७ टक्के जास्त दाब येतो आणि समोरच्या कडेला तितकाच कमी. १५ सेंटिमीटर असती तर सुमारे १५ टक्के. एवढी वाढ डिझाइनमध्ये मुळातच धरलेली असते, मर्यादेचा आकडा त्यासाठीच आहे.

मर्यादा ओलांडली म्हणून विहीर लगेच टाकून देत नाहीत. आधी मोजलेल्या कल-सरकेवर नवं गणित मांडतात. बऱ्याचदा टोपी एका बाजूला वाढवून निभतं. ते न जमल्यास भोवती जादा पाइल मारून भार वाटून देतात. क्वचित सरक इतकी मोठी असते की ती विहीर सोडून दोन्ही अंगांना दोन नव्या विहिरी उतरवाव्या लागतात आणि त्यांवर मोठी तुळई टाकून खांब उभा करावा लागतो. या शेवटच्या उपायात एक सबंध हंगाम आणि दोन विहिरींचा खर्च जातो, आणि त्याचं मूळ बहुतेक वेळा वरच्या पाच-सहा मीटरांत सापडतं. तिथे कल दिसला होता, पण उतरण्याचा वेग मोडू नये म्हणून काम तसंच पुढे रेटलं गेलं होतं.